दोन टक्क्यांचा स्टॉप, तीनदा हुकलेला शेअर: एटीआरने अंतर आणि क्वांटिटी ठरवण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका अनुभवी ट्रेडर ताईंचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून शेअर्सची नावं काढली आहेत, भाव बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. अंतरांची आणि जोखमीची गुणोत्तरं मात्र डायरीत होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

## पार्श्वभूमी

ताई रोजच्या कँडलवर काम करतात. सौदा साधारण दोन ते सहा आठवडे चालतो. भांडवल १० लाख. त्यांचा नियम साधा होता: प्रत्येक सौद्यात अडीच लाख लावायचे आणि खरेदीच्या भावाखाली २ टक्क्यांवर स्टॉप लॉस ठेवायचा. म्हणजे एका सौद्यात जास्तीत जास्त ५,००० जाणार, भांडवलाच्या अर्धा टक्का. हा नियम त्यांनी वर्षभर काटेकोर पाळला होता. स्टॉप काढून टाकणं, खाली सरकवणं असले प्रकार एकदाही केले नव्हते.

म्हणूनच त्यांची डायरी वाचताना मला वाईट वाटलं. शिस्तीत कुठे खोट नव्हती, निवडही चांगली होती, आणि तरी खातं जागचं हलत नव्हतं.

## अडचण कुठे दिसली

डायरीतला एक शेअर घेऊ. त्याला चंचल शेअर म्हणू.

ताईंनी तो ६४० ला घेतला. २ टक्क्यांचा स्टॉप ६२७.२० ला. तिसऱ्या दिवशी भाव ६२५ ला टेकला, स्टॉप उडाला, आणि त्याच दिवशी शेअर ६३८ ला बंद झाला. आठवड्याने पुन्हा ६५२ ला खरेदी, स्टॉप ६३९ च्या जवळ. दुसऱ्या दिवशी ६३७ चा तळ, बंद ६५५. तिसऱ्यांदा ६६१ ला खरेदी, स्टॉप ६४८ च्या थोडा खाली, तळ ६४६. त्यानंतर पाच आठवड्यांत शेअर ७२० ला गेला. ताईंच्या खात्यात त्याच्या नावावर तीन तोटे होते, मिळून जवळपास १५,०००.

दिशा तिन्ही वेळा बरोबर होती. तिसऱ्या सौद्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, "एंट्री घाईची झाली." मला ते पटलं नाही. एंट्री आणखी थोडी वर किंवा खाली असती तरीही हेच झालं असतं, कारण हा शेअर एका दिवसात किती हलतो हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

त्याच काळात त्यांच्याकडे दुसरा एक शेअर होता, १,५०० च्या आसपासचा, संथ चालीचा. तिथे हाच २ टक्क्यांचा नियम छान चालत होता. एकाच नियमाचे दोन शेअर्सवर इतके वेगळे परिणाम का होतात, हे शोधताना आम्ही एटीआरकडे वळलो.

## एटीआर नेमकं काय मोजतो

एटीआर म्हणजे अॅव्हरेज ट्रू रेंज. हे माप वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कमोडिटीचे बाजार होते. ते सांगण्याचं कारण असं की त्या बाजारांत भाव आदल्या दिवशीच्या बंदपासून बराच लांब उघडणं नेहमीचं होतं. नुसता दिवसाचा उच्चांक वजा नीचांक घेतला तर ही उडी हिशेबात येतच नाही. 'ट्रू' हा शब्द त्या उडीसाठी आहे.

चंचल शेअरचाच एक दिवस बघा. काल बंद ६४०. आज उघडला ६२२ ला, वर गेला ६३४ पर्यंत, खाली ६१८ पर्यंत. आजची रेंज १६ दिसते. पण ज्याने काल शेअर घरी नेला त्याच्या दृष्टीने भाव ६४० वरून ६१८ ला आला, म्हणजे २२ पॉइंट. ट्रू रेंज २२ आहे.

```
TR  = max(H - L, |H - PC|, |L - PC|)
ATR = (ATR_prev * 13 + TR) / 14
Qty = Risk / (k * ATR)
```

इथे H आणि L आजचा उच्चांक आणि नीचांक, PC कालचा बंद भाव. तिसऱ्या ओळीत Risk म्हणजे एका सौद्यासाठी ठरवलेली जोखीम आणि k म्हणजे स्टॉपचं अंतर एटीआरच्या किती पट ठेवायचं तो आकडा; ती ओळ पुढे क्वांटिटी काढताना लागेल. दुसरी ओळ १४ दिवसांच्या सरासरीची आहे. सुरुवात करताना पहिल्या १४ ट्रू रेंजची साधी सरासरी घ्यायची आणि पुढे दररोज जुन्या आकड्याचे १३ भाग आणि नव्याचा एक भाग मिसळायचा. काल एटीआर २० असेल आणि आजची ट्रू रेंज २२ असेल, तर नवा एटीआर २०.१४. आजची ट्रू रेंज ४८ असती, म्हणजे नेहमीच्या दुपटीहूनही जास्त, तरी एटीआर फक्त २२ झाला असता. हा आकडा हळू हलतो. या प्रकरणाच्या दुसऱ्या भागात हीच गोष्ट महागात पडली.

एटीआर दिशा सांगत नाही. शेअर वर जाणार की खाली, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय तो पॉइंटमध्ये असतो, त्यामुळे दोन शेअर्सची तुलना करायची तर भावाने भागावं लागतं. चंचल शेअरचा एटीआर २०, भाव ६४०, म्हणजे ३.१ टक्के. संथ शेअरचा एटीआर १६, भाव १,५००, म्हणजे १.१ टक्का.

आता ताईंचा २ टक्क्यांचा स्टॉप या पट्टीवर ठेवला. संथ शेअरमध्ये २ टक्के म्हणजे ३० पॉइंट, म्हणजे १.९ एटीआर. चंचल शेअरमध्ये २ टक्के म्हणजे १२.८ पॉइंट, म्हणजे ०.६४ एटीआर. तो शेअर काहीही विशेष न घडता एका दिवसात जेवढा हलतो, त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी अंतरावर त्यांचा स्टॉप होता. तो उडणारच होता. कागदावर नियम एकच होता, पण एका शेअरला अंगण मिळालं होतं आणि दुसऱ्याला पाट.

हे गणित पाहिल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी शेअरला नाही, टक्क्याला स्टॉप लावत होते."

## कोणते पर्याय तोलले

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच: स्टॉप सरसकट ५ टक्के करायचा. चंचल शेअरला ३२ पॉइंट, १.६ एटीआर, ठीक वाटतं. पण संथ शेअरला ७५ पॉइंट, म्हणजे साडेचार एटीआरहून जास्त. तिथे चूक कळायला गरजेपेक्षा दुप्पट उशीर झाला असता. आजार तोच, फक्त जागा बदलली असती.

दुसरा पर्याय चार्टवरच्या अलीकडच्या तळाखाली स्टॉप ठेवण्याचा. तो मला मुळात आवडतो, कारण त्यामागे काही अर्थ असतो: तो तळ मोडला तर आपली कल्पना चुकली. पण ताईंच्या डायरीत हे तळ कधी एंट्रीपासून ८ पॉइंटवर होते, तर कधी ७० वर. जवळचा तळ रोजच्या हालचालीतच मोडतो, आणि लांबचा तळ धरला तर सौदा परवडत नाही. शेवटी असं ठरलं की तळ बघायचा, पण एटीआरने मिळालेल्या अंतराच्या आत असेल तर त्याला महत्त्व द्यायचं नाही.

तिसरा पर्याय अंतर एटीआरच्या पटीत ठेवण्याचा. तो घेतला. लगेच पुढचा प्रश्न आला: किती पट?

## पट कशी ठरवली

इथे बहुतेक जण कुठेतरी वाचलेला आकडा उचलतात, दीड किंवा दोन किंवा तीन. ताईंकडे स्वतःचे ४४ जुने सौदे नोंदलेले होते, म्हणून आम्ही तेच विचारात घेतले. प्रत्येक सौद्यात खरेदीनंतर भाव जास्तीत जास्त किती विरुद्ध गेला हे काढायचं आणि त्याला खरेदीच्या दिवशीच्या एटीआरने भागायचं.

पहिल्या प्रयत्नात एक चूक झाली, आणि ती सहज होण्यासारखी आहे. आकडे फार सुंदर दिसत होते: नफ्याच्या जवळजवळ कुठल्याच सौद्यात भाव १ एटीआरपेक्षा जास्त विरुद्ध गेलेला नव्हता. मग लक्षात आलं की जे जास्त विरुद्ध गेले ते जुन्या जवळच्या स्टॉपने आधीच कापले गेले होते. नोंद तिथेच थांबली होती. जुन्या स्टॉपने गाळलेल्या माहितीतून नवा स्टॉप शोधायला निघालो होतो आम्ही. म्हणून स्टॉप उडालेला प्रत्येक सौदा पुढची १५ सत्रं चालू राहिला असता तर काय झालं असतं, हे चार्टवर बघून पुन्हा भरलं. हे काम कंटाळवाणं आहे, दोन संध्याकाळी गेल्या. पण त्याशिवाय बाकीचा हिशेब निरर्थक होता.

नव्या तक्त्यात, शेवटी नफ्यात गेलेल्या किंवा गेल्या असत्या अशा १९ सौद्यांपैकी १६ मध्ये भाव १.८ एटीआरपेक्षा जास्त विरुद्ध गेलेला नव्हता. अडीच एटीआरच्या पलीकडे गेलेल्यांपैकी एकच परत वर आला होता. त्यावरून २ ही पट धरली. ४४ सौदे म्हणजे फार मोठी साक्ष नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून आणखी ६० सौद्यांनंतर हा तक्ता पुन्हा करायचा असं तेव्हाच लिहून ठेवलं. दरम्यान पट बदलायची नाही.

दोन तपशीलही ठरवले. एटीआर आदल्या दिवशी पूर्ण झालेल्या कँडलचा घ्यायचा, चालू कँडलचा नाही, कारण तो दिवसभर हलत राहतो. आणि सरासरीची पद्धत तपासायची. ताईंच्या चार्टवर आणि त्यांच्या स्प्रेडशीटमध्ये एकाच दिवशी वेगवेगळे एटीआर दिसत होते. चार्टच्या सेटिंगमध्ये `RMA` होतं, ती वाइल्डर यांची पद्धत, आणि शीटमध्ये साधी सरासरी होती. कुठलीही एक चालेल, पण पट ज्या पद्धतीवर काढली तीच रोज वापरायला हवी.

## क्वांटिटीचा धक्का

आता हिशेबाचा क्रम उलटला. पूर्वी रक्कम आधी ठरत होती आणि स्टॉप नंतर. आता शेअर स्टॉपचं अंतर सांगणार, जोखीम ५,००० ठरलेली, आणि या दोन्हींतून क्वांटिटी निघणार.

संथ शेअर: २ × १६ = ३२ पॉइंट. ५,००० भागिले ३२, म्हणजे १५६ शेअर, किंमत २,३४,०००. जवळपास पूर्वीइतकीच.

चंचल शेअर: २ × २० = ४० पॉइंट. ५,००० भागिले ४०, म्हणजे १२५ शेअर, किंमत ८०,०००. पूर्वी त्या ३९० घेत होत्या.

हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण होता. ताईंना हे पचेना. "इतका चांगला शेअर, आणि मी त्यात ८०,००० च लावू?" त्यांनी दोन वाटा सुचवल्या: पट १ करू, किंवा स्टॉप ४० वरच ठेवू पण क्वांटिटी ३९० च घेऊ.

पहिल्या वाटेने आपण परत शेअरच्या रोजच्या हालचालीत येतो. दुसरी वाट जास्त धोक्याची. ३९० शेअर आणि ४० पॉइंट म्हणजे एका सौद्यात १५,६०० ची जोखीम, ठरवलेल्याच्या तिपटीहून जास्त. "स्टॉपला जरा जागा द्या" हा सल्ला ऐकून लोक स्टॉप लांब नेतात आणि क्वांटिटी तशीच ठेवतात. मग असे पाच स्टॉप लागोपाठ उडाले की एटीआरला दोष देतात. अंतर वाढलं की क्वांटिटी त्याच प्रमाणात खाली यायलाच हवी.

ताईंनी शेवटी मान्य केलं, पण मनापासून नाही. ते त्यांनी स्वतःच डायरीत लिहिलं आहे.

## पहिला निकाल

चंचल शेअर पुन्हा संधी देऊन गेला. खरेदी ६९०, एटीआर २१, स्टॉप ६४८, क्वांटिटी ११९. चौथ्या दिवशी भाव ६६३ ला आला. जुना स्टॉप ६७६ ला असता, म्हणजे चौथ्यांदा तेच घडलं असतं. या वेळी सौदा टिकला.

पुढे स्टॉप वर सरकवण्याचा नियमही त्याच पट्टीवर होता: खरेदीनंतरचा सगळ्यात वरचा बंद भाव, वजा २ एटीआर, आणि स्टॉप कधीही खाली आणायचा नाही. ही शेवटची अट आवश्यक आहे, कारण हालचाल वाढली की एटीआर वाढतो आणि सूत्र स्टॉपला खाली ओढू लागतं. बंद ७७१ पर्यंत गेला, एटीआर २२, स्टॉप ७२७ ला आला आणि तिथेच सौदा सुटला. नफा ४,४०३. घातलेल्या जोखमीहून थोडा कमीच. पण याच शेअरने आधी १५,००० घेतले होते.

## शांततेने फसवलं

यानंतर दोन महिन्यांनी तो सौदा झाला ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

तिसरा शेअर, भाव ४००. एरवी त्याचा एटीआर ९–१० असायचा. गेले काही आठवडे तो अगदी चिंचोळ्या पट्ट्यात होता आणि एटीआर ४ वर आला होता. ताईंनी नियमाप्रमाणे हिशेब केला. २ × ४ = ८ पॉइंट, स्टॉप ३९२, क्वांटिटी ६२५, किंमत अडीच लाख. नियमाचा एक शब्दही मोडला नव्हता.

तीन दिवसांनी बाजार बंद झाल्यावर कंपनीचे तिमाही निकाल आले. दुसऱ्या दिवशी शेअर ३७६ ला उघडला. ३९२ चा स्टॉप होता, पण ३९२ ला कुणी घेणारा नव्हता, त्यामुळे ऑर्डर ३७६ ला भरली. २४ गुणिले ६२५, तोटा १५,०००. जोखीम ५,००० ठरवलेली असताना तिप्पट गेले.

एटीआर चुकीचा होता का? नाही. मागचे दिवस शांत होते आणि त्याने ते शांत असल्याचंच सांगितलं. निकालाची तारीख जवळ आली आहे, लोक हात आखडून बसले आहेत, हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. पण आमच्या सूत्रात एटीआर भाजकात आहे. म्हणून शेअर जितका गप्प, तितकी क्वांटिटी मोठी. स्फोट होण्याआधीच्या शांततेत सूत्र आपल्या हातात सगळ्यात जास्त शेअर देतं. आणि स्टॉपचं अंतर हे फक्त सलग व्यवहारात पाळलं जाण्याची शक्यता असलेलं अंतर आहे. भाव असा उडी मारून उघडला, म्हणजे गॅप आला, की त्याचं काही चालत नाही.

त्या दिवसानंतरचा एटीआरही बघण्यासारखा आहे. आदला बंद ४०१, दिवसाचा तळ ३६८, ट्रू रेंज ३३. नवा एटीआर ८५ भागिले १४, म्हणजे ६.०७. इतकं होऊनही आकडा त्या शेअरच्या नेहमीच्या पातळीच्या खालीच राहिला. त्या संध्याकाळी कुणी त्याच हिशेबाने पुन्हा खरेदी केली असती, तर क्वांटिटी पुन्हा फुगलेलीच निघाली असती.

## काय बदललं

क्वांटिटीसाठी आता १४ दिवसांचा आणि १०० दिवसांचा, असे दोन एटीआर बघितले जातात आणि मोठा तो घेतला जातो. या शेअरचा १०० दिवसांचा एटीआर ९ होता. त्यावर स्टॉपचं अंतर १८ आणि क्वांटिटी २७७ निघाली असती. गॅप तेवढाच आला असता, ३७६ लाच सुटका झाली असती, पण तोटा ६,६४८.

दुसरी मर्यादा किमतीची: एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. यामुळे संथ शेअरचीही क्वांटिटी १५६ वरून १३३ वर येते आणि तिथली जोखीम ४,२५६ होते. ताईंना ते खटकलं, मला नाही. संथ शेअरलाही कधीतरी गॅप येतो, आणि तेव्हा एटीआर नव्हे तर किती रक्कम अडकली आहे हेच मोजलं जातं.

तिसरं, ऑर्डर टाकण्याआधी एक ओळ लिहायची: उद्या शेअर १० टक्के खाली उघडला तर किती जातील? त्या सौद्यासाठी उत्तर २५,००० आलं असतं, भांडवलाच्या अडीच टक्के. हा आकडा डोळ्यांसमोर असता तर ताईंनी ६२५ शेअर घेतले नसते असं त्या म्हणतात, आणि मी त्यांना ओळखतो, ते खरं आहे. निकालाची तारीख पाच सत्रांच्या आत असेल तर आता नवी खरेदी करत नाहीत.

माझ्याकडून काय राहिलं तेही सांगतो. पट ठरवताना आम्ही भाव किती विरुद्ध गेला हे मोजलं, पण त्यातला किती भाग एका झटक्यात गॅपने गेला हे वेगळं काढलं नाही. ४४ सौद्यांचा तक्ता समोर होता, आणखी एक रकाना पुरला असता. तो रकाना असता तर क्वांटिटीवरची मर्यादा पहिल्या दिवसापासून आली असती.

## आजची स्थिती

बदलानंतरच्या सात महिन्यांत २६ सौदे झाले आहेत. स्टॉप उडून शेअर लगेच परत वर गेल्याच्या नोंदी अजून आहेत, पण तुरळक. सगळ्यात मोठा एकेरी तोटा ७,१०० चा, तोही गॅपचाच. चंचल शेअर्समध्ये रक्कम कमी लागत असल्यामुळे मोठ्या तेजीत पूर्वीइतके पैसे हाती येत नाहीत. ताईंनी ती तक्रार सोडलेली नाही आणि त्यात तथ्य आहे.

२ ची पट त्यांना आता थोडी जवळची वाटते, अडीच हवी असं त्यांचं मत बनत चाललं आहे. आणखी ३४ सौदे झाल्यावर तक्ता पुन्हा भरायचा आहे, या वेळी गॅपच्या रकान्यासह.